मुलाचा ईमेल आणि पासवर्ड दोन्ही विसरले? फॅमिली लिंकवाल्या आईबाबांसाठी

चतुर्थीच्या सुट्टीत मुलं टॅब फिरवतात, कुठेतरी साइन आऊट होतं आणि मग पासवर्डही आठवत नाही, ईमेलही नाही. घाबरायचं काहीच कारण नाही. खातं फॅमिली लिंकमध्ये मुलाचं म्हणून उघडलेलं असेल तर चावी तुमच्याकडेच आहे, फक्त टॅबवर "Forgot email?" दाबत बसू नका, कारण तिथे रिकव्हरी फोन किंवा दुसरा ईमेल विचारतात आणि मुलाच्या खात्याला तो बहुतेक जोडलेलाच नसतो.

हे कोण करू शकतं? फॅमिली ग्रुपमध्ये जो पालक आहे तो. आजी किंवा काका ग्रुपमध्ये नुसते मेंबर असतील तर चालत नाही. मूल 13 च्या आतलं हवं, भारतात गुगलची मर्यादा तीच आहे. मोठ्या मुलाच्या स्वतःच्या जुन्या खात्याला नंतर देखरेख लावली असेल तर पासवर्डची रिकव्हरी त्यालाच करावी लागते.

आता डिचोलीतली पाचवीतली मुलगी धरा, तिच्या आईच्या फोनवर फॅमिली लिंक आहे. आई अ‍ॅप उघडते, मुलीचं नाव निवडते आणि Controls मधून Account settings मध्ये जाते. मुलीच्या खात्याच्या माहितीत पूर्ण ईमेल दिसतो, तो आधी कागदावर लिहून घ्यायचा (स्पेलिंगमध्ये एक टिंब चुकलं म्हणून नव्हे, आकडा चुकला म्हणून लोक अडकतात). मग तिथूनच पासवर्ड बदलायचा. त्याआधी आईला स्वतःची ओळख पटवावी लागू शकते. नवीन पासवर्ड किमान 8 अक्षरांचा हवा. मग टॅबवर तो ईमेल आणि नवा पासवर्ड टाकला की पालकाची परवानगी मागतात, तिथे आईचा पासवर्ड लागतो, मुलीचा नाही. इथेच बरेच जण पुन्हा मुलीचा टाकतात आणि "चुकीचा आहे" असं आलं की परत पहिल्यापासून सुरू करतात.

आईचाच पासवर्ड गेला असेल तर मात्र आधी तिचं खातं g.co/recover वरून सोडवायचं, मग मुलीचं.

दुकानात नेऊन टॅब फॉरमॅट करू नका, अगदी म्हापशातला ओळखीचा असला तरी. फॉरमॅट झाल्यावर टॅब आधीचंच गुगल खातं विचारू शकतो, म्हणजे अडचण तीच आणि वर डेटा गेला. फॉरमॅट करायचाच असेल तर पासवर्ड बदलून 24 तास थांबा, असं गुगलच सांगतं.

कागदपत्रं? वरच्या कुठल्याही पायरीत जन्मदाखला, आधार काही लागत नाही. "गुगल कस्टमर केअर" म्हणून कोणी फोनवर आधारचा फोटो किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला कळवा.