‘आर्टिकल’ आणि ‘ऑफिसातली नोकरी’: सीएकडे जागा विचारताना नेमकं काय विचारायचं?

इंटरचा, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचा, निकाल लागला की कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या सीए ऑफिसांचे फोन सुरू होतात. “सर, आर्टिकलची व्हेकन्सी आहे काय? बी.कॉम. झालंय, इंटर दिलीय.” यातलं ‘दिलीय’ ऐकलं की समोरचा थबकतो. परीक्षा दिली की पास झाली, एक ग्रुप की दोन्ही, यावर तुम्हाला काय देता येईल ते ठरतं. आणि देण्यासारख्या गोष्टी दोन असतात: आर्टिकलशिप, नाहीतर असिस्टंटची नोकरी.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तेच टेबल, तेच टॅली, फाउंड्रीवाल्यांची तीच जीएसटी रिटर्न. पण आर्टिकलशिप हे आयसीएआय या सीएंच्या संस्थेकडे नोंदलेलं दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे, फायनलला बसण्यासाठी ते लागतं. नोकरी फक्त तुमच्यात आणि फर्ममध्ये असते. नोकरीत कितीही ऑडिटं केलीत तरी त्यातला एक दिवसही या दोन वर्षांत धरला जात नाही.

घोळ होतो तो सीनियर मुलांच्या सल्ल्यामुळे. जुन्या पद्धतीत इंटरचा एक ग्रुप सुटला की आर्टिकल सुरू करता यायची आणि ती तीन वर्षांची असायची. १ जुलै २०२३ पासून मुदत दोन वर्षं झाली, पण दोन्ही ग्रुप पास आणि आयटी-ओरिएंटेशनचे वर्ग पूर्ण झाल्याशिवाय सुरुवातच होत नाही. पंचावन्न टक्क्यांच्या वर बी.कॉम. करून डायरेक्ट एंट्रीने आलेल्यांनाही यात सूट नाही. पदवीमुळे फक्त फाउंडेशन ही पहिली परीक्षा वाचते.

एक उदाहरण घेऊ. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. मुलगी, मे महिन्यात दोन्ही ग्रुप दिलेली. पहिल्या ग्रुपात तीनशेपैकी १६४, पास. दुसऱ्यात कॉस्टिंग ३६, ऑडिटिंग ६१, एफएम-एसएम ५८. बेरीज १५५, म्हणजे लागणाऱ्या १५० पेक्षा जास्तच. तरी ग्रुप गेला, कारण प्रत्येक पेपरात ४० हवेत. ऑडिटिंगला साठच्या वर असल्याने एक्झेम्प्शन मिळालं. पुढच्या खेपेला उरलेले दोनच पेपर द्यायचे, पण १५० मधून हे ६१ वजा जाता त्यात मिळून ८९ लागतील. चाळीस-चाळीसवर भागणार नाही.

आज तिला आर्टिकल मिळणार नाही. सप्टेंबरला ग्रुप सुटला तर नोव्हेंबरमध्ये निकालानंतर मिळू शकेल. म्हणून तिने मेसेज असा करावा:

“नमस्कार सर. मी बी.कॉम., डायरेक्ट एंट्री. मेमध्ये इंटरचा पहिला ग्रुप पास. दुसऱ्यात ऑडिटिंगला एक्झेम्प्शन, उरलेले दोन पेपर सप्टेंबरला देत आहे. आयटी आणि ओरिएंटेशन पूर्ण. निकालानंतर, नोव्हेंबरपासून, आपल्याकडे आर्टिकलची जागा असेल का? मार्कशीट सोबत जोडली आहे.”

एवढ्यात सीएला हवं ते सगळं कळतं. एका सीएला किती आर्टिकल ठेवता येतात यावर मर्यादा आहे, प्रॅक्टिसला किती वर्षं झाली त्यावर ती ठरते. त्यामुळे नोव्हेंबरला कुणाची मुदत संपतेय, हे ते लगेच पाहू शकतात. ‘इंटर दिलीय’ एवढ्यावर कुणी जागा राखून ठेवत नाही, आणि मला विचाराल तर ठेवूही नये.

तोवर नोकरी करावी का? पैशाची गरज असेल तर जरूर करावी, पण कॅलेंडर बघून. टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा असतो. म्हणजे तुमची परीक्षा आणि ऑफिसची सगळ्यात मोठी धांदल एकाच महिन्यात. नोकरीत परीक्षेची सुट्टी मालकाच्या मर्जीवर असते. तेव्हा रुजू होण्याआधीच ऑगस्टपासून सुट्टी मिळेल का, ते स्पष्ट विचारून घ्या. ‘बघू की तेव्हा’ असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असाच असतो.

“आत्ता लागा कामाला, आर्टिकल नंतर लावून टाकू,” असंही काही ठिकाणी सांगतात. ही नोकरीच आहे, नाव काहीही दिलं तरी. ओळखायचं कसं? आर्टिकल खरोखर सुरू झाली असेल तर सीएबरोबर करारनामा होतो आणि सुरुवातीपासून ३० दिवसांच्या आत फॉर्म १०३ ची नोंदणी करावी लागते. त्यावरची सुरुवातीची तारीख स्वतः वाचा. तुमची दोन वर्षं त्या तारखेपासून मोजली जातात.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. नोकरी महिन्याच्या नोटिशीवर सोडता येते. आर्टिकल तशी सोडता येत नाही, फर्म बदलायची तर संस्थेचे नियम आडवे येतात. सोबत एम.कॉम. करायचं असेल तर त्याचीही वेगळी परवानगी घ्यावी लागते, फॉर्म ११२ भरून. पहिल्या भेटीतच ते सीएंच्या कानावर घाला.