शोध शिथिलीकरण

शोधयंत्रात टाकलेले सगळे शब्द एकत्र जुळवणारी नोंद सापडली नाही, किंवा जेमतेम एक-दोनच सापडल्या, की त्यातली एखादी अट सैल करून किंवा एखादा शब्द वगळून पुन्हा शोध घेण्याच्या रीतीला शोध शिथिलीकरण किंवा क्वेरी रिलॅक्सेशन म्हणतात. शब्द वगळणे सोपे असते. कोणता शब्द आधी सोडायचा आणि कोणता शेवटपर्यंत धरून ठेवायचा, हे ठरवणे अवघड असते. ही नोंद मुख्यत्वे त्या क्रमाबद्दल आहे, आणि त्यासाठी कोकण किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांच्या यादीचे उदाहरण घेतले आहे.

वगळण्याआधीची कामे

शून्य निकाल आला म्हणून लगेच शब्द वगळायला घेऊ नये. बऱ्याचदा नोंद यादीत असते, फक्त वेगळ्या रूपात लिहिलेली असते. एक जण ‘देवबाग’ टाइप करतो, दुसरा `Devbag`, तिसरा `Devbaug`. हे एकच गाव आहे हे यंत्राला सांगून ठेवावे लागते. मराठीत त्यावर विभक्तीची भर पडते. पाहुणा ‘देवबाग’ शोधतो आणि यादीत ‘देवबागला येताना’ असे लिहिलेले असते. शेवटचा प्रत्यय कापला की काम भागते असे वाटते, पण ‘माशाचे कालवण’ मधला ‘चे’ कापला की ‘माशा’ उरते. ते ‘मासा’शी जुळत नाही, उलट घोंघावणाऱ्या माशांशी बरोबर जुळते. म्हणून सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे नेणारी जोडी वेगळी द्यावी लागते. त्यानंतर समानार्थी शब्दांची पाळी येते: निवास आणि होमस्टे, समुद्रकाठी आणि समुद्रकिनारी.

ही डागडुजी आधी करण्याचे कारण असे की तिने विचारणाऱ्याचा अर्थ बदलत नाही. शब्द वगळला की अर्थ बदलतोच, थोडा का होईना.

एक शोध

समजा, दक्षिण कोकणातल्या निवासांच्या यादीत ६४० नोंदी आहेत आणि एका कुटुंबाने असा शोध टाकला: ‘देवबाग समुद्रकाठी शाकाहारी घरगुती निवास’. वरची डागडुजी झालेली आहे, तरी पाचही शब्द असलेली नोंद एकही नाही. (आकडे उदाहरणापुरते आहेत.) ‘निवास’ ५९० नोंदींत आहे, ‘घरगुती’ २१० मध्ये, ‘समुद्रकाठी’ १४० मध्ये, ‘शाकाहारी’ ३८ मध्ये आणि ‘देवबाग’ ३१ मध्ये.

पहिला विचार असा सुचतो की ज्या शब्दाने फारसे काही सांगितलेले नाही तो आधी सोडावा. यामागे जुना आधार आहे. ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडले की जो शब्द जितक्या कमी नोंदींत आढळतो तितके त्याचे वजन जास्त धरावे. त्या हिशोबाने ‘निवास’ सर्वांत हलका, कारण तो जवळपास प्रत्येक नोंदीत आहे, आणि ‘देवबाग’ सर्वांत जड. ‘निवास’ सोडून पाहिले तर एकच नोंद मिळते. ‘घरगुती’ही सोडले तरी गाडी दोनच्या पुढे जात नाही. हलके शब्द सोडण्यात धोका कमी असतो, पण फायदाही तेवढाच, कारण अडवून धरणारे शब्द ते नसतातच.

दुसरी पद्धत उलट टोकाची आहे. पाचांतला एकेक शब्द आळीपाळीने बाजूला ठेवायचा, उरलेल्या चार शब्दांना किती नोंदी मिळतात ते मोजायचे आणि जिथे जास्त मिळतील तो शब्द सोडायचा. आपल्या यादीत ‘निवास’ सोडला की १, ‘घरगुती’ सोडला की १, ‘समुद्रकाठी’ सोडला की ३, ‘देवबाग’ सोडला की ६ आणि ‘शाकाहारी’ सोडला की ९. आकडा म्हणतो, ‘शाकाहारी’ काढा. तसे केले की त्या कुटुंबासमोर नऊ सुंदर घरे येतात आणि पहिल्याच घराच्या फोटोत ताटात सुरमईची तळलेली तुकडी, बाजूला सोलकढी. घर देवबागेतच, समुद्रकाठीच, घरगुतीच. फक्त या पाहुण्यांना तिथे जेवता येणार नाही.

या मोजणीतून कोणता शब्द वाट अडवतो ते कळते. विचारणाऱ्याला कोणता शब्द सोडवेल हे मात्र त्या आकड्यात कुठेच नसते. शिथिलीकरणातल्या बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने होतात.

कोणती अट सैल होते, कोणती होत नाही

म्हणून शब्दांची आधी प्रतवारी करावी लागते. आहार, तारीख, माणसांची संख्या आणि ‘नको’, ‘शिवाय’, ‘विना’ अशा नकाराच्या अटी सुट्या शब्दांसारख्या वागवू नयेत. त्या गाळणीसारख्या वेगळ्या लावाव्यात, म्हणजे सैल करणाऱ्या यंत्रणेचा हात तिथे पोचतच नाही. ‘विना मांसाहार’ मधला ‘विना’ हा कमी वजनाचा शब्द म्हणून गळून पडला तर शोध थेट उलटा होतो.

उरलेल्या चारांत सोडायला सर्वांत योग्य शब्द ‘समुद्रकाठी’. याचे कारण आकड्यांत कमी आणि भूगोलात जास्त आहे. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी अशी मध्ये पसरलेली अरुंद पट्टी आहे. तिथे पाण्यापासून लांब असे घर असणार तरी कुठे? घरमालकही ‘समुद्रकाठी’ लिहायच्या भानगडीत पडत नाहीत, ‘खाडीकडे खोल्या’ किंवा ‘संगमाजवळ’ असे लिहून मोकळे होतात. एका शब्दात दुसऱ्याचा अर्थ आधीच आलेला असेल तर तो दुसरा शब्द सोडल्याने फारसे काही हरवत नाही. ‘देवबाग’ म्हटले की ‘समुद्रकाठी’ त्यातच आले. हाच शब्द ‘कुडाळ’बरोबर आला असता तर सोडून चालले नसते.

तर पहिली पायरी: ‘समुद्रकाठी’ सोडून ३ घरे. तीन पुरेशी वाटत नसतील तर पुढची पायरी गावाची.

गाव वगळू नये, रुंद करावे

गावाचे नाव सरळ काढून टाकले तर सहा घरे मिळतात हे वर आलेच. समजा त्यांतली चार तारकर्लीची आहेत, एक मालवण शहरातले आणि एक भोगव्याचे. इथे नाव काढण्याऐवजी शेजारचे गाव जोडणे बरे. शेजारी कोण, हे मात्र कोकणात नकाशावरच्या अंतरावरून ठरवता येत नाही.

भोगवे देवबागेच्या टोकावरून खाडीपलीकडे समोर दिसते. सरळ रेषेत मोजणाऱ्या यंत्राला ते सर्वांत जवळचे वाटेल. पण सामानासकट गाडीने जायचे तर आधी पूल गाठायला खाडीच्या वरच्या अंगाला जावे लागते आणि पुन्हा तितकेच खाली उतरावे लागते. उलट तारकर्ली त्याच रस्त्यावर, देवबागेच्या अलीकडे आहे. ‘इतक्या किलोमीटरच्या आत’ अशी अट वाढवत नेली की खाडीपलीकडचे गाव आधी आत येते. तालुक्याच्या हद्दीने रुंद केले तर मालवण तालुका येतो आणि भोगवे आपोआप बाहेर राहते, कारण ते वेंगुर्ले तालुक्यात आहे. इथे हे जुळले. पण दाभोळ आणि धोपावे यांच्यात वाशिष्ठीची खाडी आहे, तालुकेही दापोली आणि गुहागर असे वेगळे, तरी फेरीबोटीत गाडी चढते म्हणून ती दोन गावे खरोखर शेजारची. जयगड आणि तवसाळचे तेच. बोट बंद झाली की शेजार संपतो. त्यामुळे किनाऱ्यावर गावांची शेजारयादी हाताने, रस्ता आणि फेरी पाहूनच करावी, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. एकदा बसून केली की रस्ता किंवा फेरी बदलेपर्यंत ती पुरते.

तारकर्ली जोडली की आणखी ४, म्हणजे एकूण ७ घरे. इथे थांबावे. पाच शब्दांतले दोन सैल झाले, तिसऱ्याला हात लावला की उरतो तो दुसराच कुणाचा तरी शोध.

यंत्रातली व्यवस्था

सोलर या शोधप्रणालीत निदान किती शब्द जुळलेच पाहिजेत हे `mm` या खुणेने सांगता येते. वरचा शोध असा लिहिता येईल:

```
defType=edismax
q=देवबाग समुद्रकाठी घरगुती निवास
fq=jevan:शाकाहारी
mm=2<-1 5<80%
```

शेवटच्या ओळीचा अर्थ: दोन शब्दांपर्यंत सगळे जुळले पाहिजेत, तीन ते पाच असतील तर एक सुटला तरी चालेल, त्याहून जास्त असतील तर ८० टक्के जुळावेत. अपूर्णांक खाली उतरवला जातो, त्यामुळे सहा शब्दांना चार पुरतात. ‘शाकाहारी’ `fq` या गाळणीत गेल्याने तो सुटू शकत नाही. पाचही शब्द `q` मध्ये ठेवले असते तर १, १, ३, ६ आणि ९ मिळून २० नोंदी आल्या असत्या. आता सुरमईची नऊ गळून ११ येतात.

`mm` ची मर्यादा अशी की त्याला फक्त संख्या कळते. कोणता शब्द सुटला याच्याशी त्याला देणेघेणे नाही, त्यामुळे भोगव्याचे घरही त्या अकरांत असते. क्रमवारी शब्दांच्या वजनाने लागते म्हणून ते बहुधा खाली जाते, इतकेच. ठरलेला क्रम हवा असेल तर कडक शोध आधी पाठवावा, निकाल कमी आले तरच पुढची सैल पायरी पाठवावी. सगळ्या अटी एकदम ‘किंवा’ने जोडणे हा आळशी उपाय: एकट्या ‘निवास’पायी ५९० नोंदी अंगावर येतात.

शून्य हेच उत्तर असते तेव्हा

‘सिंधुदुर्ग किल्ला होडी जुलै’ या शोधाला काहीच न मिळणे बरोबर आहे, कारण पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. यातला ‘जुलै’ सोडून दिला तर यंत्र होड्यांची यादी दाखवते आणि माणूस भर पावसात मालवणच्या धक्क्यावर येऊन उभा राहतो. तारीख गुपचूप सैल करू नये ती यासाठी.

इतर वेळीही काय सोडले ते निकालाच्या माथ्यावर लिहिलेले असावे: ‘समुद्रकाठी ही अट सोडून देवबागेतली ३ घरे, तारकर्लीतली आणखी ४.’ दोन गट वेगळे ठेवावेत, मिसळू नयेत. क्रम चुकला आहे का हे शोधांच्या नोंदवहीत दिसते. सैल निकाल पाहून लोक सोडलेला शब्दच जास्त जोर देऊन पुन्हा टाइप करत असतील, ‘शाकाहारी’च्या जागी ‘शुद्ध शाकाहारी’ असे, तर तो शब्द सैल करायच्या यादीतून काढून गाळणीत टाकावा.