स्टार्टर आणि प्रॉम्प्ट: पहिलं कॅपिटल नेमकं कोण लिहितं?

दुसरीतल्या मुलांसाठी इंग्रजी वाक्यं लिहायची म्हणून पालक एकमेकांना ज्या वर्कशीट पाठवतात, त्यांवर बहुधा 'राइटिंग प्रॉम्प्ट्स' असं लिहिलेलं असतं. खाली ओळीने 'आय लाइक', 'आय कॅन सी', 'माय मदर इज' असे तुकडे छापलेले असतात आणि प्रत्येकापुढे एक रेघ. हे प्रॉम्प्ट नव्हेत, स्टार्टर आहेत. नाव चुकलं एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. पण विषय फुलस्टॉप आणि कॅपिटल अक्षरांचा असेल, तर या दोघांची अदलाबदल केल्यावर मूल महिनोन् महिने बरोबर लिहितंय असं दिसतं आणि कोऱ्या पानावर त्यातलं काहीच उतरत नाही. इथे इंदुरात, मराठी घरांतल्या मुलांच्या वह्यांत हे मी सतत पाहते.

प्रॉम्प्ट म्हणजे काय ते आपण सगळे जाणतो. कशाबद्दल लिहायचं ते प्रॉम्प्ट सांगतो. एखादं चित्र, एखादा प्रश्न, 'रंगपंचमीच्या गेरमध्ये काय काय पाहिलंस ते लिही' अशी सूचना. स्टार्टर विषय सुचवतोच, शिवाय वाक्याचे पहिले दोन-तीन शब्दही हातात देतो. प्रॉम्प्ट तोंडी सांगता येतो, मराठीतही सांगता येतो. स्टार्टर इंग्रजीतच द्यावा लागतो, आणि बहुधा लिहून. एवढे फरक कुणालाही दिसतात.

खरा फरक पहिल्या अक्षराचा आहे. 'माय मदर इज' असं छापलेलं असतं तेव्हा त्यातला मोठा एम छापखान्याने आधीच काढलेला असतो. मूल पुढे 'अ टीचर' लिहून फुलस्टॉप देतं आणि आपण बरोबरची खूण करतो. त्या वाक्यात कॅपिटलचा सराव शून्य झाला. अशी दहा वाक्यं झाली तरी शून्यच. मुलाने त्या पानावर फक्त फुलस्टॉप गिरवलाय, आणि तोही कसा, ते पुढे येतंच.

कॅपिटलचाच सराव बुडणं आपल्या मुलांना जास्त महाग पडतं, कारण फुलस्टॉपची कल्पना त्यांना आधीपासून आहे. इंदूरचं मूल शाळेत हिंदी वाक्य संपलं की उभा दंड देतं, घरी कुणी मराठी शिकवत असेल तर ठिपका देतं. वाक्य कुठेतरी संपतं आणि तिथे खूण करायची असते, हे त्याला ठाऊक असतं. इंग्रजीत फक्त खूण बदलते. सुरुवातीला काही मुलं इंग्रजी वाक्यापुढेही दंड काढतात. आठवण करून दिली की ते लवकर सुटतं. पण देवनागरीत लहान-मोठं अक्षर असा प्रकारच नाही. वाक्य सुरू होतानाही खूण करायची असते, ही गोष्ट त्या मुलाच्या हाताला पूर्ण नवी आहे. आणि छापलेला स्टार्टर नेमकी तीच त्याच्या हातून काढून घेतो.

त्यातही 'आय लाइक' आणि 'आय कॅन सी' या दोघांवर माझा विशेष राग आहे. समजा मुलाने ते शब्द स्वतः लिहिले, तरी आपल्याला काही कळत नाही. इंग्रजीत 'मी' या अर्थाचा आय वाक्यात कुठेही आला तरी मोठाच लिहितात. म्हणजे मुलाने तो वाक्य सुरू झालं म्हणून मोठा काढला की आय नेहमी मोठाच असतो म्हणून, हे सांगता येत नाही. दोन नियम एकाच अक्षरावर येऊन बसतात. वाक्यारंभाचं कॅपिटल शिकवताना आय हा पहिला शब्द पूर्ण टाळावा. तो नियम निराळा शिकवावा, आणि दोन्ही जमतात का ते बघायचं तेव्हा 'माय सिस्टर अँड आय' अशी सुरुवात द्यावी, म्हणजे एम एका कारणाने मोठा आणि आय दुसऱ्या.

तशीच काळजी अक्षरांच्या आकाराची. सी, ओ, एस, डब्ल्यू ही अक्षरं लहान आणि मोठी सारखीच दिसतात, फरक फक्त उंचीचा. 'वी' किंवा 'शी'ने सुरू होणारं वाक्य साध्या वहीत लिहिलं तर पहिलं अक्षर मोठं आहे की नाही यावर आई आणि मूल दोघंही वाद घालू शकतात. चार रेघी वहीत निवाडा सोपा आहे: मोठं अक्षर वरच्या रेघेला टेकलं पाहिजे, लहान एस किंवा डब्ल्यू मधल्या दोन रेघांतच राहतो. पहिले काही आठवडे मात्र 'द', 'ही', 'माय', 'अवर आजी' यांतले पहिले तीनच घ्यावेत. टी, एच आणि एम यांची मोठी रूपं लहानांपेक्षा स्पष्ट वेगळी आहेत. 'अवर'चा ओ नंतर.

आता फुलस्टॉप. वर्कशीटवर एका रेघेवर एक स्टार्टर असतो, म्हणून प्रत्येक वाक्य रेघेच्या शेवटी संपतं. दुसरीचं मूल त्यातून जो नियम काढतं तो साधा आहे: रेघ संपली की ठिपका. वर्कशीटवर हा नियम कधीच चुकत नाही, त्यामुळे तो चुकीचा आहे हे मुलाला कळायची वेळच येत नाही.

एका मुलीचं उदाहरण देते. स्टार्टरच्या पानावर तिची सगळी वाक्यं बरोबर होती. मग तिला साधी वही देऊन सांगितलं, 'रविवारी सकाळी घरी काय झालं ते लिही.' तिने लिहिलं:

माय फादर वेन्ट टु द शॉप अँड.
ही ब्रॉट पोहा अँड जलेबी वी.
एट इट ऑन द टेरेस माय सिस्टर.
क्राइड.

मोठ्याने वाचलं तर यात तीन वाक्यं आहेत. वडील दुकानात गेले आणि त्यांनी पोहे-जिलबी आणली, आम्ही ती गच्चीवर खाल्ली, बहीण रडली. ठिपके चार आहेत आणि चारही रेघेच्या शेवटी. त्यांतला फक्त शेवटचा जागेवर पडलाय, तोही तिथेच रेघ संपली म्हणून. 'जलेबी'नंतर आणि 'टेरेस'नंतर फुलस्टॉप हवा होता, तिथे काहीच नाही. 'माय', 'वी' आणि दुसरा 'माय', तिन्हींची पहिली अक्षरं लहान. मोठं अक्षर पानावर एकच होतं, 'ब्रॉट'मधला बी. त्याचं कारण वेगळं आहे. बी आणि डी यांच्या लहान रूपांत गोंधळ होतो म्हणून कित्येक मुलं वाक्याच्या मध्येही मोठा बी काढून मोकळी होतात. तो प्रश्न अक्षराच्या वळणाचा आहे. कॅपिटलच्या नियमासोबत त्याच दिवशी तो काढला तर मूल आणखी गोंधळतं.

या मुलीला पुन्हा स्टार्टरची पानं देण्यात अर्थ नव्हता, कारण तिची अडचण त्या पानांनीच झाकून ठेवली होती. पण स्टार्टर टाकूनही देता येत नाही. नुसता प्रश्न विचारला की मुलं उत्तर देतात, वाक्य लिहीत नाहीत. 'कुठे गेला होतास?' याला 'टु राजवाडा' आणि पुढे ठिपका. बोलताना हे उत्तर अगदी ठीक आहे, म्हणून मुलाला त्यात काही कमी वाटत नाही. अशा तुकड्यावर फुलस्टॉप आणि कॅपिटल दोन्ही बरोबर असले तरी वाक्य शिकवल्यासारखं होत नाही. स्टार्टर वाक्याचा कर्ता देतो आणि तुकडा होऊ देत नाही, हे त्याचं खरं काम. (सगळेच स्टार्टर हे करत नाहीत. 'बिकॉज' आणि 'व्हेन'ने सुरू होणारे दुसरीत देऊच नयेत. मूल 'बिकॉज इट वॉज रेनिंग' लिहून तिथेच ठिपका देतं.)

म्हणून मी स्टार्टर रेघेवर कधीच देत नाही. चिठ्ठीवर देते, आणि सगळी अक्षरं लहान. 'द मंकी', 'माय ग्रँडफादर', 'ही' अशा चिठ्ठ्या. मुलाने चिठ्ठी बघायची आणि ते शब्द स्वतःच्या वहीत उतरवताना पहिलं अक्षर मोठं करायचं. मुलासमोर चुकीचं लिहिलेलं का ठेवता, असा आक्षेप काही आया घेतात. चिठ्ठीवर चुकीचं काही नाही. ते सुटे शब्द आहेत, आणि शब्दकोशातही सुटे शब्द लहान अक्षरांतच असतात. वाक्य होतं ते वहीत, आणि कॅपिटलही तिथेच लागतं. ज्या कुणाकडे छापील वर्कशीटच आहे त्यांनी छापलेला भाग घडी घालून झाकावा आणि ते शब्द तोंडी सांगावेत.

दुसरा बदल म्हणजे एका चिठ्ठीवर दोन वाक्यं मागायची, आणि दुसरं वाक्य पहिल्याच्या पुढे, त्याच रेघेवर सुरू करायचं. 'द मंकी'ची चिठ्ठी आणि सोबत प्रॉम्प्ट: 'माकड गच्चीवर आलं. त्याने काय केलं, आणि मग आजीने काय केलं?' पहिलं वाक्य चिठ्ठीवरून सुरू होतं, दुसऱ्याची सुरुवात मुलाची स्वतःची. आता ठिपका रेघेच्या मध्ये पडावाच लागतो आणि त्याच्या लगेच पुढे मोठं अक्षर यावं लागतं. फुलस्टॉप आणि कॅपिटल ही जोडी आहे हे मुलाला इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं; वर्कशीटवर ती दोन टोकांना असतात. रेघेचा चुकीचा नियम अजून टिकून आहे का हे बघायचं असेल तर वहीचं पान उभं अर्धं दुमडून द्या. एक वाक्य दोन-तीन रेघांवर जाईल, आणि ठिपके प्रत्येक रेघेअखेर आले तर कळेलच.

हे जमलं की चिठ्ठी काढून घ्यायची आणि प्रॉम्प्टच असा द्यायचा की उत्तर कर्त्यापासून सुरू व्हावं. 'काय खाल्लंस?' विचारलं तर 'पोहा' येतं. 'अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत तुला सगळ्यात आवडलेली झांकी कोणती? तिच्यात कोण होतं आणि तो काय करत होता?' असं विचारलं की 'द' किंवा 'ही' आपोआप येतं. लिहून झाल्यावर मुलानेच मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: कोण? काय केलं? 'वी.'पाशी थांबल्यावर त्या मुलीला 'काय केलं'चं उत्तर सापडलं नाही आणि तिने तो ठिपका स्वतःच खोडला.

या तपासणीत लाल पेन माझ्या हातात नसतं, आणि त्या दिवशी स्पेलिंगही बघत नाही. तुकडे पुन्हा येऊ लागले तर चिठ्ठी परत द्यायची. कर्ता येतोय पण अक्षर लहान राहतंय, तर चिठ्ठी देऊन उपयोग नाही; तेव्हा मुलाला फक्त पानावरचे ठिपके शोधायला सांगायचे आणि प्रत्येकाच्या पुढचं अक्षर बोटाने दाखवायला लावायचं.