पिवळं करणारं ऊन, पांढरं करणारं ऊन

भाचीने कॅनव्हासचे पांढरे बूट माझ्यापुढे आणून आपटले. “मामा, व्हिडिओत तर एकदम नव्यासारखे झाले होते!” खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा लगदा करून तिने बूट घासले होते, तासभर तसेच ठेवले होते आणि मग कडक उन्हात वाळवले होते. तळाभोवतीची रबरी पट्टी होती तशीच पिवळी होती. भरीला कॅनव्हासवर नकाशासारखे पिवळट डाग उमटले होते.

आधी त्या लगद्याबद्दल. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की फसफसतात आणि एकमेकांना निकामी करतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे पाणी, सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ आणि उरलासुरला सोडा राहतो. एकेकटे दोघंही थोडंफार काम करतात, एकत्र केले की फक्त फेस करतात. पण फेस दिसला की काहीतरी घडतंय असं वाटतं. फेसावरची ही श्रद्धा अंगाऱ्यावरच्या श्रद्धेपेक्षा फार वेगळी नाही.

पट्टीचं पिवळेपण म्हणजे मळ की आणखी काही, हे आधी ठरवायला हवं. पांढरं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून पट्टी दोन मिनिटं घासली. फडक्यावर काळपट मळ आला, पट्टी मात्र पिवळीच राहिली. म्हणजे रंग रबराच्या वर बसलेला नव्हता, रबरातच तयार झाला होता. अशा वेळी टूथपेस्ट लावून कितीही घासलं तरी रबर खरवडलं जाईल इतकंच.

आता माझ्या आवडीचा भाग. रबराच्या रेणूंची लांब साखळी असते. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ती हळूहळू जाळतात, ज्योतीशिवाय. या ऑक्सिडीकरणात काही ठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध एकाआड एक असे ओळीने तयार होतात. असे बंध ओळीने आले की त्यांतले इलेक्ट्रॉन एका जागी न राहता सगळ्या ओळीभर पसरतात. तंतुवाद्याची तार आठवा. तार लांब, तर सूर खालचा. तसंच ओळ जितकी लांब, तितका कमी ऊर्जेचा प्रकाश ती शोषते. आखूड ओळ फक्त अतिनील प्रकाश शोषते. तो आपल्याला दिसतच नाही, म्हणून पदार्थ रंगहीन वाटतो. ओळ वाढत गेली की ती निळा प्रकाश गिळू लागते आणि पांढऱ्यातून निळा वजा झाला की उरतं पिवळं. गाजराच्या कॅरोटीनमध्ये अशी ११ दुहेरी बंधांची ओळ असते, म्हणून गाजर केशरी दिसतं.

खोक्यात, अंधारात ठेवलेले बूट का पिवळे पडतात? रबर टिकावं म्हणून त्यात फिनॉल जातीची ऑक्सिडीकरणरोधकं घातलेली असतात. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड त्यांच्याशी जुळले की पिवळी संयुगं बनतात. अल्कधर्मी वातावरणात हे आणखी सहज होतं. म्हणजे बुटात राहिलेला सोडा किंवा डिटर्जंट पिवळेपणाला मदतच करतो.

उपाय त्या ओळीतच दडलेला आहे. रंग काढून टाकायची गरजच नाही, ओळ मधेच तोडली की झालं. तार मध्ये बोटाने दाबावी तसे दोन आखूड तुकडे पडतात आणि शोषण पुन्हा अतिनील भागात जातं. तोडायचं काम हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. ऊन लागलं की त्याचा रेणू फुटतो आणि अतिशय आक्रमक हायड्रॉक्सिल मूलकं बाहेर पडतात. ती दुहेरी बंधांवर तुटून पडतात. ज्या उन्हाने पिवळं केलं, तेच ऊन पेरॉक्साइडच्या सोबतीने पांढरं करतं.

केस रंगवताना वापरतात त्या क्रीम डेव्हलपरमध्ये हेच पेरॉक्साइड असतं. बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असेल तर ते सुमारे ६ टक्के. पुरे तेवढं. क्रीम घट्ट असल्यामुळे ओघळून कापडावर येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

भाचीच्या बुटांवर काम करताना आधी पट्टीच्या सांध्यावरून नख फिरवून पाहिलं. कुठे सुटलेलं असेल तर आधी चिकटवायचं, नाहीतर ओलावा आत शिरून भेग वाढते. मग कापडाची कड मास्किंग टेपने झाकली, हातमोजे घालून पट्टीवर क्रीमचा जाडसर थर ब्रशने लावला आणि वर क्लिंग फिल्म गुंडाळली. फिल्म महत्त्वाची, कारण थर वाळला की तिथली क्रिया थांबते आणि पट्टीवर पांढरे-पिवळे पट्टे उमटतात. बूट सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवले, दर अर्ध्या तासाने फिरवले, क्रीम पुन्हा सारखं केलं. उन्हात हात लावून बघत होतो. बूट गरम लागला की सावलीत. बऱ्याच बुटांचे तळ ज्या पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवतात, तो कारखान्यात गरम करूनच चिकट केलेला असतो. तो पुन्हा गरम झाला की पुन्हा मऊ पडतो. गरम पाणी आणि हेअर ड्रायर टाळायचे ते याचसाठी. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तर गोंद सरळ विरघळवू शकतं.

तीन तासांत पट्टी दुधाळ झाली. तिथेच थांबलो. मूलकांना पिवळे बंध कुठले आणि रबराचे कुठले हे कळत नाही, हाव केली तर पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो. तळ आधीच चिकट झाला असेल किंवा त्याचे कण सुटत असतील, तर पदार्थच विघटित झालाय, तिथे हा उपाय नाही.

आता कॅनव्हासवरचे डाग. कापड वाळताना पाणी धाग्यांतून कडांकडे ओढलं जातं, तिथून उडतं आणि विरघळलेला मळ, साबण, सोडा तिथेच ठेवून जातं. मग ही हवेत उडायची जागाच बदलायची. लिटरभर गार पाण्यात चमचाभर डिटर्जंट घालून कापड मऊ ब्रशने धुतलं, फेस यायचा थांबेपर्यंत खळबळलं. शेवटच्या लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर, उरलेला अल्क मारायला. इथे व्हिनेगर एकटं आहे, म्हणून उपयोगी आहे. (क्लोरिनच्या ब्लीचशी ते कधीच मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो.) मग ओल्या कापडावर छपाई नसलेला पांढरा टिश्यू पेपर सगळीकडून चिकटवला आणि बूट सावलीत ठेवले. आता पाणी कागदाच्या पृष्ठभागावरून उडतं आणि मळ कागदात अडकतो.

जाळीच्या बुटांना इतकं भिजवायचंच नाही. जाळीखालचा फोम पाणी धरून ठेवतो, म्हणून फक्त फेस मऊ ब्रशने फिरवायचा, ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा आणि आत कागद कोंबायचा.

सकाळी कागद चहाच्या डागासारखा तपकिरी झाला होता. दुसऱ्यांदा कोरा कागद लावला, तो जेमतेम पिवळसर. पट्टीवर टेप चुकून मिलिमीटरभर खाली आला होता, तिथे जुनी पिवळी रेघ तशीच राहिली आहे. भाची म्हणाली, तेवढीही घालव. मी ठेवली. ऑक्सिडीकरणरोधक खर्च झालेलं रबर पुन्हा पिवळं पडणारच, किती महिन्यांत ते त्या रेघेशी ताडून बघता येईल.