केवलमूल्याचं टोक आणि सममित विकलज: पार्श्वभूमी

परभणी-नांदेडकडच्या बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या वर्गात |x| हे फलन दरवर्षी फळ्यावर येतं. शून्याच्या उजवीकडून उतार 1, डावीकडून −1, म्हणून तिथं विकलज नाही. पण त्याच मुलांनी प्रॅक्टिकलला संगणकावर उतार काढला, की उत्तर शून्य येऊ शकतं. दोन्ही उत्तरं आपापल्या व्याख्येनुसार बरोबर आहेत.

फळ्यावरची व्याख्या कोशीची, 1823 च्या व्याख्यानांतली: f(x+h) मधून f(x) वजा करा, h ने भागा, h शून्याकडे न्या. संगणकावरचा सममित भागाकार मात्र x च्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर घेतो: (f(x+h) − f(x−h)) / 2h. h शून्याकडे नेल्यावर त्याची जी सीमा मिळते, तो सममित विकलज. |x| साठी शून्यापाशी |h| आणि |−h| सारखेच, म्हणून वरची वजाबाकी शून्य आणि सीमाही शून्य. इथं f(0) कुठंच लागत नाही. शून्यापाशी फलनाची किंमत 5 ठेवली, म्हणजे फलन तिथं तुटलं, तरी हे उत्तर बदलत नाही.

बिंदूच्या दोन्ही बाजू सारख्या धरण्याची ही रीत त्रिकोणमितीय श्रेणींच्या अभ्यासात रुजली. रीमानने 1854 च्या प्रबंधात श्रेणी दोनदा संकलित करून मिळालेल्या फलनावर F(x+h) − 2F(x) + F(x−h) अशा सममित दुसऱ्या फरकाचा वापर केला. 1906 साली फातूने पॉयसाँ संकलकाच्या अभ्यासात पहिला सममित विकलजही वापरला.

गणनेत ही रीत टिकली ती अचूकतेमुळे. x³ चा 1 पाशी उतार 3 आहे. h = 0.001 घेतलं, तर एकतर्फी रीत 3.003001 देते, सममित रीत 3.000001. म्हणूनच ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या `nDeriv` मध्ये हीच रीत आहे, आणि `abs(X)` चा शून्यापाशी उतार तो 0 दाखवतो.

```python
h = 0.001
print((abs(h) - abs(-h)) / (2*h))   # 0.0
print((abs(h) - abs(0)) / h)        # 1.0
print((abs(-h) - abs(0)) / (-h))    # -1.0
```

माझ्या मते खरा धोका टोकाच्या जरा बाजूला आहे. x = 0.0004 पाशी खरा उतार 1, पण h = 0.001 ने (0.0014 − 0.0006) / 0.002 म्हणजे 0.4 येतो. h दहापट लहान केलं की 1 मिळतो, त्यामुळे ही चूक पकडता येते. नेमक्या शून्यापाशी मात्र h कितीही बदला, उत्तर शून्यच राहतं. तिथं दोन्ही बाजूंचे उतार वेगवेगळे काढल्याशिवाय टोक दिसत नाही.

मध्यमान प्रमेयही या विकलजाला जसंच्या तसं लागू होत नाही. −1 ते 2 या अंतरात |x| चा सरासरी उतार 1/3 आहे, आणि सममित विकलजाच्या किंमती फक्त −1, 0 आणि 1. ऑल या गणितज्ञाने 1967 मध्ये सममित विकलजासाठी मध्यमान प्रमेयाचं सौम्य रूप दिलं: फलन सलग असेल, तर सरासरी उताराच्या एका बाजूला किंवा बरोबरीला एक किंमत असते आणि दुसऱ्या बाजूला किंवा बरोबरीला दुसरी. इथं 0 आणि 1 यांच्या मधे 1/3 बसतो.