आजोबांचा पुरावा आणि आजोबांपर्यंतचा पुरावा

परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाच्या अर्जात दोन वेगळे पुरावे लागतात, पण बहुतेक घरांत ते एकच समजले जातात. पहिला पुरावा म्हणजे तुमच्या घराण्यातली कोणीतरी व्यक्ती मूळची भारतीय होती, हा. दुसरा म्हणजे त्या व्यक्तीचं तुम्ही मूल, नातवंड किंवा पतवंड आहात, हा. पहिला एका माणसाबद्दल बोलतो, दुसरा दोन माणसांमधल्या नात्याबद्दल. फाइल अडते ती बहुधा दुसऱ्यावर, आणि लोक मात्र पहिल्याचेच कागद वाढवत राहतात. आजोबांचा शाळेचा दाखला, सातबारा, गावचा रहिवासी दाखला असा गठ्ठा जमतो, पण अर्जदार याच आजोबांचा नातू आहे असं सांगणारा एकही कागद त्यात नसतो.

आधी मूळ भारतीय असण्याचं पाहू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये यासाठी तीन वाटा आहेत. ती व्यक्ती २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारताची नागरिक होती, किंवा त्या दिवशी नागरिक व्हायला पात्र होती, किंवा १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातली होती. गोवेकरांना तिसरी वाट लागू पडते. दुसरी वाट पूर्व आफ्रिकेत किंवा आणखी कुठे लवकर गेलेल्या घराण्यांसाठी आहे आणि तीच सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. 'आमच्या आजोबांनी भारताचा पासपोर्ट कधी घेतलाच नाही, मग आम्ही कसले पात्र' असं म्हणून लोक गप्प बसतात. पण १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या व्याख्येनुसार जो भारत होता, त्यात जन्मलेला माणूस १९५० साली परदेशात राहत असला तरी नागरिक व्हायला पात्र होता. म्हणजे तिथे पासपोर्ट नव्हे, भारतातला जन्म दाखवायचा असतो. आजोबांचा जन्म कराचीचा असला म्हणून वाट आपोआप बंद होत नाही. ती बंद होते अर्जदार, त्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांच्यापैकी कोणी पाकिस्तानचं किंवा बांगलादेशाचं नागरिक असेल किंवा कधी झालेलं असेल तर.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गणपत नावाचे आजोबा १९२५ साली मालवण तालुक्यातल्या एका गावात जन्मले, १९४७ च्या सुमारास नैरोबीला गेले. वडील नैरोबीत जन्मले. नात इंग्लंडमध्ये, लेस्टरला. नातीला अर्ज करायचा आहे.

आजोबांचा जन्म दाखवायला लोक आधी तहसील कार्यालयात जातात, कारण गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, जपलेली असली तर बहुतेक तिथेच असते. नोंद सापडते, अनेकदा मोडीत, आणि वाचून घेतली की कळतं की तिथे मुलाचं नावच नाही. 'शिवराम बाबाजी यास मुलगा' एवढंच. बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कोणी नाव घातलं नाही. या उताऱ्यावरून शिवरामला त्या तारखेला मुलगा झाला एवढंच ठरतं. तो गणपतच, हे ठरत नाही. म्हणून प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर इथे जास्त कामाचं. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख आणि बऱ्याचदा जन्मगावही असतं, आणि शाळा त्यावरून आजही दाखला देऊ शकते. दोन्ही कागदांतली तारीख आणि बापाचं नाव जुळलं, तर ते एकमेकांना आधार देतात. त्या काळचा ब्रिटिश इंडियन पासपोर्ट घरात असेल तर फारच उत्तम, कारण त्यावर जन्मस्थळ असतं.

एवढ्याने आजोबांचं झालं. नातीचं अजून काहीच झालेलं नाही. आजोबांपासून वडिलांपर्यंतचा दुवा म्हणजे वडिलांचा नैरोबीचा जन्मदाखला, ज्यावर आजोबांचं नाव आहे. वडिलांपासून नातीपर्यंतचा दुवा म्हणजे नातीचा लेस्टरचा जन्मदाखला. इथे इंग्लंडमधली कितीतरी कुटुंबं अडकतात. तिथे जन्मदाखल्याचे दोन प्रकार मिळतात, आणि छोट्या दाखल्यावर आईवडिलांची नावंच नसतात. तो खराच असतो, सरकारीच असतो, पण नात्याबद्दल एक अक्षर सांगत नाही. पूर्ण दाखला वेगळा मागवावा लागतो.

मग येतो नावांचा घोळ. शाळेत आजोबा 'गणपत शिवराम' आहेत, आडनाव नाही. त्या काळी अनेक शाळांत ते लिहीतच नसत. नैरोबीच्या दाखल्यावर ते 'गणपत सावंत' आहेत, बापाचं नाव नाही. तपासणाऱ्यासाठी हे दोन माणसं आहेत. इथे लोक लगेच 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करतात. माझ्या मते ते शेवटी जोडावं, सुरुवातीला नाही. प्रतिज्ञापत्र आज लिहिलेलं असतं, आणि आजचा माणूस शंभर वर्षांपूर्वीचं सांगतो तेव्हा त्याला मागचा कागद लागतो. आधी असा एक जुना कागद शोधा ज्यावर 'गणपत शिवराम सावंत' असं पूर्ण नाव आहे. जुना पासपोर्ट, लग्नाचा दाखला, किंवा जमिनीचे कागद.

जमिनीच्या कागदांबद्दल मात्र उलटा समज आहे. सातबारा म्हणजे भारतीय असल्याचा पक्का पुरावा, असं गावाकडे ठामपणे सांगतात. सातबारा जमीन कोणाच्या नावावर आहे हे सांगतो. तो माणूस कुठे जन्मला किंवा कुठला नागरिक होता, हे सांगत नाही. पण त्याच जमिनीचा जुना फेरफार काढा. खातेदार वारल्यावर वारसांची नावं चढली असतील, तर फेरफारात मयताचं पूर्ण नाव आणि प्रत्येक वारसाचं त्याच्याशी नातं लिहिलेलं असतं: मुलगा, मुलगी, विधवा. ज्या कागदाला लोक मूळ दाखवायला नेतात, त्याच्या शेजारचा कागद नातं दाखवायला उपयोगी पडतो. तो जन्मदाखल्याची जागा घेणार नाही, पण पूरक म्हणून भक्कम आहे.

तेरेखोल नदीच्या पलीकडे चित्र निराळं. गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत बाळाच्या नावाबरोबर आईवडिलांची आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावं असतात. जन्म गोव्यातला असल्याचं आणि तीन पिढ्यांचं नातं, दोन्ही एकाच पानावर. प्रमाणित भाषांतर करून घ्यावं लागतं, पण नदीच्या अलीकडे राहणाऱ्या मालवणकराला जे चार कागदांत जुळवावं लागतं ते इथे एकात मिळतं.

आईकडून हक्क सांगायचा असेल तर आणखी एक दुवा लागतो, तो हमखास विसरतो. आईच्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, मुलाच्या दाखल्यावर सासरचं, आणि आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलत असे. मधे लग्नाचा दाखला नसेल तर साखळी तिथेच तुटते. लग्न तेव्हा नोंदवलंच नसेल, तर दोन्ही नावं असलेला दुसरा कागद शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ते काम पहिलं हाती घ्या.

जुळणी नेहमी स्वतःपासून वर करावी. प्रत्येक दोन पिढ्यांसाठी दोघांची नावं असलेला एक कागद, आणि सर्वात वरच्या माणसासाठी मूळचा एक. सोबतच्या पत्रात कोणता कागद कशासाठी हे ओळीने लिहावं. आणि शाळेच्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी असेल आणि नव्या कागदावर सिंधुदुर्ग, तर सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, ही एक ओळही त्याच पत्रात घालावी. परदेशातल्या वकिलातीत तपासणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही.