पार्श्वभूमी: पेपर तपासणे हे ‘शिकवणी’त मोडते का?

मुंबईत दिवाळी संपली की क्लासेसच्या सराव परीक्षा सुरू होतात आणि जानेवारीत शाळांच्या पूर्वपरीक्षा. या काळात गणित, विज्ञान, इंग्रजीचे पेपर काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या हातांची चणचण पडते. हे हात कोणाचे असावेत, यावरचा वाद मुख्यतः 2010 नंतरचा आहे.

त्याआधीची व्यवस्था सुटसुटीत होती. मंडळाचे पेपर तपासायचे काम शाळेमार्फत, नेमणूक-पत्राने येई. ते कर्तव्याचाच भाग, मानधन माफक. सहामाही-वार्षिकचे पेपर शाळेतलेच शिक्षक स्टेन्सिलवर कापून सायक्लोस्टाइल करत, किंवा मुख्याध्यापकांच्या संघटनेकडून छापील संच मागवले जात. क्लासेस तेव्हा मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांवरच भागवत. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन पेपर काढून घेण्याची गरज फारशी पडत नसे. 1981 च्या खासगी शाळांच्या सेवाशर्ती नियमावलीत शिकवणीवर बंधने होती, पण पेपर तपासण्याकडे कोणी त्या नजरेने पाहत नव्हते.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि त्यातल्या कलम 28 ने गुंता केला. शिक्षकाने खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापनाचे काम करू नये, एवढेच ते कलम सांगते. ‘शिकवणी’ कळते. ‘अध्यापनाचे काम’ म्हणजे नेमके काय? क्लासमध्ये फळ्यासमोर उभे राहणे त्यात येतेच. पण घरी बसून 60 उत्तरपत्रिका तपासणे येते का? मुलांचे तोंडही न पाहता बीजगणिताचा एक पेपर काढून देणे येते का?

दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. संस्थाचालकांचे म्हणणे असे की मूल्यमापन हा अध्यापनाचाच भाग. बी.एड. ला तसेच शिकवतात, मग क्लासचे पेपर तपासणारा शिक्षक क्लासच्याच कामात सामील झाला. शिवाय हितसंबंधाचा प्रश्न आहेच: शाळेच्या पूर्वपरीक्षेचा पेपर काढणारा आणि शेजारच्या क्लासचा पेपर काढणारा माणूस एकच असेल, तर प्रश्न सारखे निघणार. शिक्षकांचे म्हणणे असे की कलमाचा हेतू वर्गात न शिकवता तेच घरी पैसे घेऊन शिकवणाऱ्यांना आवरण्याचा होता. गठ्ठा तपासणाऱ्याकडे विद्यार्थीच नसतो, मग शिकवणी कसली? हा दुसरा युक्तिवाद अधिक पटणारा आहे, पण हितसंबंधाच्या मुद्द्याला त्यात उत्तर नाही.

त्यातून आणखी एक गाठ. कायदा पहिली ते आठवीचा. मुंबईतल्या अनेक माध्यमिक शाळा पाचवी ते दहावीच्या, आणि तोच शिक्षक सातवीलाही असतो नि दहावीलाही. दहावीच्या क्लासचा पेपर काढताना त्याने स्वतःला कोणत्या इयत्तेचा शिक्षक समजायचे? बऱ्याच शाळांनी हा गुंता सोडवायच्या फंदात न पडता वर्षारंभी ‘बाहेरचे कोणतेही सशुल्क शैक्षणिक काम करणार नाही’ असे हमीपत्रच लिहून घ्यायला सुरुवात केली.

परिणाम उघड होता. अनुदानित शाळेतला, मंडळाची तपासणी वर्षानुवर्षे केलेला शिक्षक या कामातून मागे सरला, निदान कागदावर. जागा भरली ती 58 व्या वर्षी निवृत्त झालेल्यांनी, बी.एड. करून घरी असलेल्या महिलांनी आणि विनाअनुदानित शाळांतल्या तुटपुंज्या पगारावरच्या शिक्षकांनी. काम मिळण्याची वाटही बदलली. नेमणूक-पत्राऐवजी ओळख आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यातले जाणते क्लासचालक आधी चाचणी घेतात: त्याच पाच उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स तीन-चार इच्छुकांना द्यायच्या आणि गुण शेजारी शेजारी मांडायचे. कोण सढळ, कोण कंजूष हे लगेच दिसते. पण नुसता सढळपणा बाद ठरत नाही. एका पेपरात सढळ आणि पुढच्यात कडक असणारा बाद ठरतो.

फरक कुठे पडतो ते एका प्रश्नावरून कळेल. 12, 16, 20, … या अंकगणिती श्रेढीचे 24 वे पद काढा, गुण 2. गुणविभागणी अशी: a = 12 आणि d = 4 ओळखले की अर्धा, सूत्र लिहिले की अर्धा, किमती घातल्या की अर्धा, उत्तर 104 आले की अर्धा. आता मुलाने सूत्र बरोबर लिहिले, पण (n − 1) च्या जागी 23 ऐवजी 24 घेतले आणि 108 काढले. आकडेमोड चोख, उत्तर चूक. एक परीक्षक 1 देतो. दुसरा म्हणतो, चूक एकदाच झाली, तिची शिक्षा दोनदा नको, आणि दीड देतो. मंडळाकडे अशा वेळी मॉडरेटर असतो. क्लासच्या कामात वर कोणीच नसते, म्हणून गठ्ठ्यासोबत नमुना उत्तरे आणि ‘चूक पुढे गेली तर काय’ याची लेखी सूचना मागून घ्यावी लागते. तसेच ‘कोणतेही चार सोडवा’ असताना मुलाने पाचही सोडवले तर कोणते चार धरायचे, हेही आधीच ठरवावे. बाकी तक्रारी येतात त्या बेरजेच्या: पुरवणीचे गुण पहिल्या पानावर न चढवणे, आणि अर्धा गुण एकूण बेरजेत पूर्ण करायचा तो प्रत्येक प्रश्नाला करणे.

पेपर काढण्याचे काम तपासण्याहून कमी लोकांना जमते. दहावीच्या बीजगणिताचा पेपर 40 गुणांचा, पण पर्यायांसह सध्याच्या आराखड्यात 27 प्रश्न लागतात आणि त्यांच्या गुणांची बेरीज 60 होते. नवखा माणूस 40 गुणांचा मोबदला ठरवतो आणि 60 गुणांचे काम करून बसतो. त्यात सेमी इंग्रजीसाठी तोच पेपर इंग्रजीतही हवा असतो. कोणत्या प्रकरणाला किती गुण हे मांडणारा संविधान तक्ता आधी केला नाही तर वर्गसमीकरणांवरच अर्धा पेपर जातो आणि सांख्यिकी एका प्रश्नावर उरकते. श्रीलिपीत टाइप केलेली फाईल त्या फाँटशिवायच्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते, म्हणून फाईलसोबत पीडीएफ द्यायची, आणि छापण्याआधी प्रत्येक गणित पीडीएफवरूनच पुन्हा सोडवून पाहायचे. वजाचे चिन्ह गळाले की वर्गसमीकरणाची मुळे भलतीच येतात, आणि ते परीक्षेच्या खोलीतच कळते.

2020-21 मध्ये वर्ग बंद असताना मुले उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवू लागली. पाने उलटसुलट, शेवटचे पान गायब, पेन्सिलीची आकृती दिसतच नाही. पुढे क्लासेसनी स्कॅनर घेतले आणि टॅबवर लाल खुणा करण्याची पद्धत रुळली. तोवर गठ्ठा न्यायला-आणायला लोकलने दादर किंवा ठाणे गाठावे लागे, त्यामुळे काम मुंबईतच राहायचे. आता डोंबिवलीतल्या क्लासचे पेपर सांगलीतूनही तपासून येतात, आणि दर पेपरचा दरही सांगलीच्या हिशेबाने लागतो.